कंसात कंस

एखाद्या नवशिक्या प्रोग्रामरला पाचव्या कोटीची बहुपदी द्या आणि x च्या ठरावीक किमतीला तिची किंमत काढायला सांगा. बहुपदी कागदावर जशी दिसते तशीच तो ती टाईप करील. x चा पाचवा घात गुणिले त्याचा सहगुणक, अधिक चौथा घात गुणिले त्याचा सहगुणक, आणि असंच खाली स्थिर पदापर्यंत. उत्तर येईल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असेल. अडचण एवढीच की त्याने गरजेपेक्षा कितीतरी जास्त गुणाकार केले आणि ज्या क्रमाने आकडे मिळवले तो क्रम कधीकधी शेवटचा अंक चुकवतो. संगणक sin किंवा log काढतो तेव्हाही आतमध्ये बहुतेक वेळा एखादी बहुपदीच मोजली जात असते. म्हणून हा हिशोब कसा मांडावा, यावर गणितज्ञांनी बराच विचार केला आहे.

मांडणी अशी. समजा बहुपदी आहे

2x³ − 5x² + 4x − 7

पहिल्या तीन पदांतून एक x बाहेर काढा. उरलेल्यातल्या पहिल्या दोन पदांतून आणखी एक x बाहेर काढा. मग तीच बहुपदी अशी दिसते:

((2x − 5)x + 4)x − 7

घात कुठेच उरला नाही. सगळ्यात आतल्या कंसापासून सुरुवात करायची, x ने गुणायचं, पुढचा सहगुणक मिळवायचा, पुन्हा x ने गुणायचं. x ची किंमत ३ असेल तर २ ला ३ ने गुणून ६, त्यातून ५ गेले, उरला १. त्याला ३ ने गुणून ३, अधिक ४ म्हणजे ७. त्याला ३ ने गुणून २१, उणे ७, उत्तर १४. घात वेगळे काढून पडताळा घ्या: ५४ − ४५ + १२ − ७, तेही १४.

नववीच्या बीजगणितात संश्लेषक भागाकार शिकलेल्या वाचकाला हे ओळखीचं वाटेल, आणि ते खरंच तेच आहे. वाटेत आलेले २, १, ७ हे आकडे म्हणजे बहुपदीला x − 3 ने भागल्यावर येणाऱ्या भागाकाराचे सहगुणक आणि शेवटचे १४ ही बाकी. परीक्षेत भागाकारासाठी वापरलेली रीत बहुपदीची किंमत काढण्याची सर्वांत स्वस्त रीत आहे, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं. या रीतीला जगभर हॉर्नरची रीत म्हणतात. हा हॉर्नर कोण आणि त्याला यातून खरं काय हवं होतं, ते पुढे येईलच.

आधी खर्च पाहू. बहुपदीची कोटी २० आहे असं धरा. प्रत्येक घात पहिल्यापासून गुणून काढला तर विसाव्या घाताच्या पदाला २० गुणाकार लागतात (१९ घातासाठी आणि एक सहगुणकासाठी), एकोणिसाव्याला १९, असे मिळून २१० गुणाकार होतात. थोडा शहाणपणा करून आधीचा घात जपून ठेवला आणि त्यालाच x ने गुणून पुढचा काढला, तर १९ गुणाकार घातांसाठी आणि २० सहगुणकांसाठी, एकूण ३९. कंसात कंस मांडले तर २० गुणाकार पुरतात. बेरजा तिन्ही रीतींत २०च आहेत. म्हणजे जपून ठेवलेल्या घातांच्या तुलनेत काम जवळजवळ निम्मं होतं. शिवाय एका वेळी एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो, घात वेगळा आणि बेरीज वेगळी असं दोन ठिकाणी सांभाळावं लागत नाही.

यापेक्षा कमी गुणाकारांत काम होईल का, हा प्रश्न ऑस्ट्रॉवस्की यांनी १९५४ साली रीतसर मांडला. n कोटीच्या सर्वसाधारण बहुपदीला n बेरजा लागतातच हे त्यांनी दाखवलं. n गुणाकारही लागतातच याची सिद्धता १९६६ मध्ये व्ही. वाय. पान यांनी दिली. इतकी साधी रीत सर्वोत्तम ठरावी आणि ते सिद्धही व्हावं, असं संगणनशास्त्रात फारसं होत नाही.

मात्र ‘सर्वसाधारण’ या शब्दाकडे लक्ष असू द्या. बहुपदीत मोजकीच पदं असतील तर गोष्ट वेगळी. x⁶⁴ + 1 ची किंमत काढायला आंधळेपणाने हॉर्नर लावला तर मधले सगळे शून्य सहगुणक मिळवत साठाहून अधिक गुणाकार कराल. वर्गाचा वर्ग, त्याचा वर्ग असं सहा वेळा केलं की x⁶⁴ हातात येतो. दुसरी सवलत मोत्झकिन यांनी १९५५ मध्ये दाखवली. बहुपदी कायमची ठरलेली असेल आणि तिची किंमत लाखो वेळा काढायची असेल, तर सहगुणकांवर आधीच एकदा मेहनत करून त्यांची अशी नवी मांडणी करता येते की पुढे प्रत्येक वेळी साधारण निम्मेच गुणाकार लागतात. व्यवहारात ही युक्ती फार कमी दिसते. नवे सहगुणक कधीकधी आकाराने असे विचित्र निघतात की वाचवलेल्या गुणाकारांची किंमत अचूकतेत मोजावी लागते.

आता अचूकतेकडे वळू, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत.

संगणक प्रत्येक आकड्याचे ठरावीकच अंक ठेवतो. नेहमीच्या दुहेरी अचूकतेत ५३ द्विमान अंक असतात, म्हणजे दशमानात साधारण सोळा. प्रत्येक गुणाकारानंतर आणि बेरजेनंतर उत्तर तेवढ्या अंकांत मावणाऱ्या सर्वांत जवळच्या आकड्यावर आणलं जातं. यालाच राउंडिंग म्हणतात. सोळा अंकांचा हिशोब पानावर वाचवत नाही, म्हणून आपण चार सार्थ अंक ठेवणारं एक काल्पनिक यंत्र घेऊ. त्यात १.१३८४५ हा आकडा १.१३८ होतो आणि ०.५२१६७ हा ०.५२१७.

या यंत्रावर eˣ च्या श्रेणीची पहिली चार पदं मोजू:

1 + x + 0.5x² + 0.1667x³

x घेऊ ०.१३. पूर्ण अंक ठेवून हिशोब केला तर या बहुपदीची किंमत १.१३८८१६… येते, म्हणजे चार अंकांत १.१३९.

पहिल्यांदा घात वेगळे काढू. ०.१३ चा वर्ग ०.०१६९ आणि घन ०.००२१९७, दोन्ही चार अंकांत नेमके बसतात. सहगुणकांनी गुणल्यावर ०.००८४५ आणि ०.०००३६६२. आता डावीकडून मिळवत जाऊ. १ आणि ०.१३ मिळून १.१३. त्यात ०.००८४५ मिळवले की १.१३८४५, यंत्रात १.१३८. त्यात ०.०००३६६२ मिळवले की १.१३८३६६२, यंत्रात पुन्हा १.१३८. शेवटचं पद आलं तसं गेलं. उत्तर १.१३८, शेवटचा अंक चुकला.

आता कंसात कंस. ०.१६६७ गुणिले ०.१३ म्हणजे ०.०२१६७. अधिक ०.५, यंत्रात ०.५२१७. गुणिले ०.१३, ०.०६७८२. अधिक १, यंत्रात १.०६८. गुणिले ०.१३, ०.१३८८. अधिक १, यंत्रात १.१३९. उत्तर बरोबर.

हॉर्नर जिंकला, पण का जिंकला ते नीट पाहा. वाटेत त्यानेही चुका केल्या. १.०६७८२ ला त्याने १.०६८ केलं, ही ०.०००१८ ची चूक, काही लहान नाही. पण पुढच्याच पायरीत या आकड्याला ०.१३ ने गुणलं गेलं आणि त्याबरोबर ती चूकही ०.००००२३ इतकी आकसली. x लहान असला की आतल्या कंसात झालेली प्रत्येक चूक बाहेर येता येता x ने गुणली जाते आणि विरत जाते. जाणवण्याइतकी राहते ती फक्त शेवटच्या एकदोन पायऱ्यांची चूक. डावीकडून मिळवत जाणाऱ्या रीतीत उलटं होतं. सर्वांत मोठं पद सुरुवातीलाच बेरजेत बसतं, आणि पुढची प्रत्येक बेरीज त्या मोठ्या आकड्याच्या मापाने कापली जाते.

यावरून हेही लक्षात येतं की दोष घातांचा नव्हता, बेरजेच्या क्रमाचा होता. तीच चार पदं लहानाकडून मोठ्याकडे मिळवून पाहा. ०.०००३६६२ आणि ०.००८४५ मिळून ०.००८८१६, त्यात ०.१३ मिळवून ०.१३८८, त्यात १ मिळवून १.१३९. घात वेगळे काढूनही उत्तर बरोबर आलं. ‘हॉर्नर जास्त अचूक असतो’ हे वाक्य पुस्तकापुस्तकांत आढळतं, आणि ते अर्धसत्य आहे.

उरलेलं अर्धं सत्य मोजून दाखवता येतं. प्रत्येक सहगुणक अंतिम उत्तरात पोचेपर्यंत किती राउंडिंगमधून जातो, एवढंच मोजायचं. हॉर्नरच्या रीतीत स्थिर पद अगदी शेवटी एकदाच मिळवलं जातं, म्हणून त्याच्या वाट्याला एकच राउंडिंग येतं. x च्या सहगुणकाला तीन येतात, x² च्या सहगुणकाला पाच, आणि n कोटीच्या बहुपदीत सर्वांत आतल्या सहगुणकाला जवळजवळ 2n. घात वेगळे काढून डावीकडून मिळवण्याच्या रीतीत मात्र कुठल्याही सहगुणकाच्या वाट्याला फार तर n + 1 राउंडिंग येतात. म्हणजे वाईटातल्या वाईट परिस्थितीची कागदावरची हद्द काढली तर हॉर्नरची हद्दच मोठी भरते.

मग फायदा कुठे? x लहान असताना उत्तराचा बहुतेक भार स्थिर पदावर असतो, आणि त्याच पदाला हॉर्नर एकच ओरखडा पडू देतो. x मोठा असताना भार सर्वोच्च घाताच्या पदावर जातो, आणि त्याला हॉर्नर सर्वांत जास्त घासतो. तिथे अचूकतेच्या नावाने हॉर्नरची बढाई मारण्यात अर्थ नाही, वेगाची मारावी.

गणिती फलनांच्या लायब्ररी लिहिणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९३ साली जी fdlibm नावाची लायब्ररी खुली केली, तिच्यात sin काढताना कोन आधी −π/4 ते π/4 या पट्ट्यात आणला जातो, आणि मग या ओळी येतात:

```
z = x*x;
v = z*x;
r = S2+z*(S3+z*(S4+z*(S5+z*S6)));
if(iy==0) return x+v*(S1+z*r);
```

कंसात कंस स्पष्ट दिसतात. पण शेवटची ओळ जास्त बोलकी आहे. sin x च्या श्रेणीतलं सर्वांत मोठं पद म्हणजे खुद्द x, आणि तो सगळ्यात शेवटी मिळवला आहे. आतल्या सगळ्या पायऱ्यांतल्या चुका v ने गुणल्या जाऊन बारीक होतात, आणि उत्तरावर मुख्यतः त्या शेवटच्या बेरजेचंच राउंडिंग उरतं.

आजच्या प्रोसेसरमध्ये तर गुणाकार आणि बेरीज मिळून एकच आज्ञा असते, fma नावाची. २००८ च्या आयईईई ७५४ मानकात ती आली. गुणाकार न कापता तसाच ठेवून बेरीज झाल्यावर एकदाच राउंडिंग केलं जातं. हॉर्नरची प्रत्येक पायरी नेमकी याच आकाराची असल्यामुळे राउंडिंगची संख्या निम्मी होते. एक उणीव मात्र राहते. हॉर्नरची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या उत्तरासाठी अडून बसते, आणि एकाच वेळी अनेक गुणाकार करू शकणारा प्रोसेसर रिकामा राहतो. त्यासाठी एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये सुचवलेली, पदांच्या जोड्या लावून समांतर मोजण्याची रीत आहे. ती काही गुणाकार जास्त करते आणि तरीही लवकर संपते.

इथवरचा हिशोब सोप्या जागेचा होता. आता अवघड जागा घेऊ. चार अंकांचं तेच यंत्र, आणि ही बहुपदी:

x³ − 3x² + 3x − 1

x आहे १.०२. ही बहुपदी म्हणजे x − 1 चा घन हे आपल्याला दिसतं, यंत्राला नाही. खरी किंमत ०.०२ चा घन, म्हणजे ०.०००००८.

घात वेगळे काढले तर वर्ग १.०४०४, यंत्रात १.०४०. घन १.०४० गुणिले १.०२, यंत्रात १.०६१. मग १.०६१ उणे ३.१२ म्हणजे −२.०५९, अधिक ३.०६ म्हणजे १.००१, उणे १. उत्तर ०.००१. खऱ्या किमतीच्या सव्वाशे पट.

हॉर्नरने: १.०२ उणे ३ म्हणजे −१.९८. गुणिले १.०२ म्हणजे −२.०१९६, यंत्रात −२.०२०. अधिक ३, ०.९८. गुणिले १.०२, ०.९९९६. उणे १. उत्तर −०.०००४. आकाराने पन्नास पट, आणि वर चिन्हही उलटं.

दोन्ही रीती सारख्याच आपटल्या. हॉर्नरची चूक आकड्याने कमी आहे म्हणून त्याला शाबासकी द्यावी, तर ज्याला फक्त चिन्ह हवं होतं त्याला घातांच्या रीतीने निदान चिन्ह तरी बरोबर दिलं, तेही नशिबाने.

हॉर्नरच्या बाजूने एक गोष्ट मात्र आहे, आणि माझ्या मते ती त्याच्या अचूकतेच्या कौतुकापेक्षा मोलाची आहे. त्याच्या चुकीचा हिशोब स्वच्छ लागतो. वरच्या सगळ्या पायऱ्यांत राउंडिंग एकदाच झालं, −२.०१९६ चं −२.०२०. म्हणजे ०.०००४ कमी झाले. लगेच पुढच्या पायरीत ३ मिळवले आहेत. मग असं म्हणता येतं की राउंडिंग झालंच नाही, फक्त ३ ऐवजी २.९९९६ मिळवले. म्हणजे यंत्राने दिलेलं −०.०००४ हे उत्तर

x³ − 3x² + 2.9996x − 1

या बहुपदीचं x = १.०२ ला नेमकं, अगदी तंतोतंत उत्तर आहे. करून पाहा: ०.०००००८ मधून ०.०००४ गुणिले १.०२, म्हणजे ०.०००४०८ वजा करा, −०.०००४ उरतात. यंत्राने तुमच्या प्रश्नाला चुकीचं उत्तर दिलं नाही. शेजारच्याच एका प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं, आणि तो प्रश्न तुमच्या प्रश्नापासून सात-साडेसात हजारांत एका भागाइतकाच दूर होता. राउंडिंगच्या चुकांकडे असं मागच्या बाजूने पाहण्याची दृष्टी रुजवण्याचं श्रेय मुख्यतः जे. एच. विल्किन्सन यांना जातं. त्यांचं बीजगणिती प्रक्रियांतल्या राउंडिंगच्या चुकांवरचं पुस्तक १९६३ साली आलं.

मग एवढा गोंधळ झाला तो कशामुळे? शेजारच्या प्रश्नाचं उत्तरच दूर आहे म्हणून. ते किती दूर असू शकतं हे एका भागाकारातून कळतं. सगळी पदं धन करून त्यांची बेरीज घ्या आणि तिला बहुपदीच्या खऱ्या किमतीच्या केवलमूल्याने भागा. इथे पदांची धन बेरीज साधारण ८.२४ आहे आणि खरी किंमत ०.०००००८. भागाकार दहा लाखांच्या वर जातो. सहगुणकांत पडलेला लहानसा ओरखडा उत्तरात दहा लाख पटीने मोठा होऊ शकतो. या आकड्यात रीतीचं नाव कुठेच नाही. तो बहुपदीचा आणि x च्या जागेचा गुण आहे. eˣ च्या उदाहरणात सगळी पदं धनच होती, म्हणून हाच भागाकार तिथे १ होता.

सोळा अंक असले म्हणजे सुटलो, असंही नाही. x − 2 चा नववा घात पूर्ण उलगडून लिहिला तर त्याचे सहगुणक पाच हजारांच्या वर जातात, आणि x = २ जवळ पदांची धन बेरीज ४ चा नववा घात, म्हणजे २,६२,१४४ होते. दुहेरी अचूकतेत एका राउंडिंगची सापेक्ष चूक 10⁻¹⁶ च्या आसपास असते. दोन्ही गुणून पाहा, 10⁻¹¹ च्या घरातली चूक येते. आता खरी किंमत 10⁻¹¹ पेक्षा लहान कुठे आहे? ०.०६ चा नववा घात जवळजवळ एवढाच भरतो. म्हणजे १.९४ ते २.०६ या पट्ट्यात उलगडलेल्या रूपातून काढलेल्या किमतींचा भरवसा नाही. आलेख काढला तर गुळगुळीत वक्राऐवजी कचरा दिसतो, चिन्ह जागोजाग उलटसुलट होतं. चिन्ह बदलतं तिथे मूळ आहे असं मानून शोधणारा प्रोग्राम या पट्ट्यात कुठेही थांबेल आणि मूळ सापडलं म्हणून सांगेल.

आपण अशा पट्ट्यात उभे आहोत हे कळावं कसं? हॉर्नरच्याच पायऱ्यांबरोबर चुकीची हद्दही मोजत जाता येते, आणि त्याला फार खर्च येत नाही:

```
def horner(a, x):
    y = a[-1]
    m = abs(y) / 2
    for c in reversed(a[:-1]):
        y = y * x + c
        m = m * abs(x) + abs(y)
    return y, 2**-53 * (2*m - abs(y))
```

यादीत स्थिर पद पहिलं आणि सर्वोच्च घाताचा सहगुणक शेवटचा. m मध्ये वाटेतल्या आकड्यांची मापं साठत जातात, कारण प्रत्येक राउंडिंगची चूक त्या त्या वेळच्या आकड्याच्या प्रमाणात असते. शेवटी एका राउंडिंगच्या मापाने, इथे 2⁻⁵³ ने, गुणलं की चुकीची हद्द मिळते. आपल्या चार अंकी यंत्रात हे माप ०.०००५ आहे. अवघड उदाहरणात m होतो ०.५, मग २.४९, मग ३.५२, मग ३.५९, आणि हद्द येते ०.००३६. उत्तर होतं −०.०००४. हद्द उत्तराच्या नऊ पट आहे, तेव्हा उत्तराचं चिन्हसुद्धा मानू नका. eˣ च्या उदाहरणात हीच हद्द ०.०००७ येते, म्हणजे चौथ्या अंकाचं एक घरही पुरतं हलत नाही. यंत्र स्वतःच सांगतं की कुठे विश्वास ठेवावा आणि कुठे नाही.

निदान झालं. उपाय शोधायला मात्र हॉर्नरच्या मूळ हेतूकडे जावं लागतं. विल्यम जॉर्ज हॉर्नर हा इंग्लंडमधल्या बाथ गावचा शाळामास्तर. त्याचा निबंध १८१९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याला बहुपदीची किंमत स्वस्तात काढायची नव्हती, समीकरणाचं मूळ अंकाअंकाने शोधायचं होतं. इटलीत रुफिनीने तशीच रीत १८०४ मध्येच मांडली होती, आणि चीनच्या छिन च्यु-शाओने १२४७ च्या आपल्या ग्रंथात दहाव्या कोटीपर्यंतची समीकरणं या वळणाने सोडवली होती. नाव हॉर्नरचं चिकटलं ते चिकटलं.

या रीतीचं मर्म असं की अंदाजे मूळ सापडलं की सगळी बहुपदीच सरकवून त्या बिंदूपाशी आणायची आणि उरलेल्या लहान अंतरात ती नव्याने लिहायची. सरकवायची कशी? संश्लेषक भागाकार पुन्हा पुन्हा करून. आपल्या बहुपदीचे सहगुणक १, −३, ३, −१ घ्या आणि १ ने भागाकार चालवा. खाली १, −२, १ येतात आणि बाकी ०. मिळालेल्या १, −२, १ वर पुन्हा तेच केलं की १, −१ आणि बाकी ०. आणखी एकदा केलं की १ आणि बाकी ०. x − 1 ला h म्हटलं तर सगळ्या बाक्या शून्य आणि वर फक्त १, म्हणजे बहुपदी आहे h³. १.०२ उणे १ म्हणजे ०.०२, ही वजाबाकी यंत्रात नेमकी होते. त्याचा घन ०.०००००८. चार अंकांच्याच यंत्रावर, एकही अंक न चुकता.

अट एकच आहे. सरकवण्याचा हिशोब स्वतः अचूक व्हायला हवा, जसा इथे पूर्णांकांमुळे झाला, आणि मूळ सहगुणकही खरे असायला हवेत. ते जर मोजमापातून आलेले असतील किंवा आधीच कापून साठवलेले असतील, तर x³ − 3x² + 3x − 1 आणि x³ − 3x² + 2.9996x − 1 यांतली तुमची बहुपदी कोणती हे सांगायला कोणतीच रीत समर्थ नाही. म्हणून बहुपदी तुम्हीच तयार करत असाल आणि किंमत एखाद्या बिंदूजवळच हवी असेल, तर ती पहिल्यापासून त्या बिंदूभोवतीच लिहून साठवा. उलगडून ठेवू नका.